अभ्यासिकेतला तासांचा फळा आणि विषयाची ओढ

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून सांगली-मिरजेच्या अभ्यासिकांमध्ये नव्याने आलेली मुले एकच प्रश्न विचारताना दिसतात, तो म्हणजे वैकल्पिक विषय कोणता घ्यावा. ‘ज्याची आवड आहे तो घे’ असे उत्तर त्यांना मिळते आणि ते बरोबरही आहे. परंतु आवडीने घेतलेल्या विषयाची आवड अभ्यास चालू असतानाच कशी आटते, याविषयी त्यांना कोणी सावध करत नाही. माझा विषय भूगोल होता. कृष्णाकाठी वाढलेल्या मुलीला नदीचे वेड वेगळे लावावे लागत नाही. तरीही एक काळ असा आला की नकाशा उघडणे मला नकोसे झाले.

मी बसत असे त्या अभ्यासिकेत दाराशेजारी एक फळा होता. रोज किती तास अभ्यास झाला ते प्रत्येकाने त्यावर लिहायचे आणि आठवड्यात ज्याचे तास सर्वाधिक भरतील त्याला शुल्कात सवलत मिळायची. वरवर पाहता यात वाईट काहीच नाही. प्रत्यक्षात मात्र नकाशावर रेंगाळणे, एखाद्या उपनदीचा उगम शोधत बसणे, हे सारे हळूहळू मागे पडले, कारण जे वाचून तास सहज भरतात तेच हाताशी येऊ लागले. पुढे सवलत बंद झाली आणि तिच्याबरोबर पुस्तक उघडण्याची इच्छाही गेली. आजूबाजूचे त्याला आळस म्हणत होते. तो आळस नव्हता, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते, कारण आळस समजून जो उपाय केला जातो, म्हणजे आणखी मोठे बक्षीस आणि आणखी कडक तक्ता, त्यानेच दुखणे वाढते.

मानसशास्त्रात या गोष्टीचा नीट अभ्यास झालेला आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 मध्ये एका बालवाडीतल्या मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, अशीच मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीही न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्र दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनंतर वर्गात पेने मोकळी ठेवली, तेव्हा आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेल्या मुलांनी चित्रांना इतरांच्या साधारण निम्माच वेळ दिला. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नसून ‘हे केलेस तर ते मिळेल’ या आगाऊ अटीचा आहे. ही अट मनात बसली की ‘मी हे का करतो आहे’ याचे उत्तर विषयातून निघून बक्षिसाकडे जाते, आणि बक्षीस संपले की करण्याचे कारणही संपते.

आपल्या बाबतीत असे होते आहे का, हे ओळखण्याची रीत एडवर्ड डेसी यांच्या 1971 च्या प्रयोगातून घेता येते. कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी मधल्या वेळात एकटे सोडले आणि कोणी पाहत नसताना ते कोड्याला हात लावतात की शेजारची मासिके चाळतात, एवढेच मोजले. तुम्हीही तेच पाहा. दिवसाचे ठरलेले काम संपले आहे, तास कुठेही लिहायचे नाहीत, अशा वेळी तुमचा विषय तुमच्या बोलण्यात किंवा वाचनात आपणहून येतो का? दोन-तीन आठवडे तो एकदाही आला नाही, तर अभ्यासाचे तास भरत असले तरी आवड आटत आहे असे समजावे. थकवा असेल तर चार दिवसांच्या विश्रांतीने ओढ परत येते. आगाऊ अटीने मारलेली ओढ नुसत्या विश्रांतीने येत नाही, त्यासाठी उद्दिष्टच बदलावे लागते.

मी ‘आज चार तास जलप्रणाली’ असे उद्दिष्ट लिहिणे थांबवले आणि त्या जागी एक प्रश्न लिहिला : कोयना धरणाचा विसर्ग वाढला की सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती उशिरा चढते, आणि कधी कधी विसर्ग फारसा नसतानाही ते का चढते? पावसाळ्यात धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये आणि पुलापाशची पातळी फुटांमध्ये रोज जाहीर होते. 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी येथे लहान मुलांनाही पाठ असते. हे दोन्ही आकडे एकाच आलेख कागदावर तारखेनुसार मांडले की दोन शिखरांमधले अंतर डोळ्यांना दिसते. मग नकाशा आपोआप उघडावा लागतो. कोयना कराडला कृष्णेला मिळते, पुढे ब्रह्मनाळजवळ येरळा येते, आणि सांगलीच्या जरा खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणा आणि त्याखाली नृसिंहवाडीची पंचगंगा दुथडी असतील तर कृष्णेचे पाणी पुढे सरकायला वेळ लागतो. शिवाय येथे उतार कमी आणि वळणे पुष्कळ. धरणांच्या खालच्या पाणलोटात पडणारा पाऊस तर कोणत्याही दरवाजातून मोजला जात नाही. माझ्या आलेखातल्या रेषा जिथे जुळेनात, तिथेच हे सारे वाचण्याची गरज निर्माण झाली, आणि जलविज्ञानाचे जे प्रकरण मी टाळत होते ते त्या न जुळणाऱ्या रेषांसाठी वाचून झाले.

या उद्दिष्टात तीन गोष्टी होत्या, ज्यांना डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तात मध्यवर्ती स्थान आहे. प्रश्न माझा मी निवडला होता, उत्तर बरोबर की चूक हे मला स्वतःला पडताळता येत होते, आणि ते ज्यांना सांगावे असे वाटेल अशी माणसे जवळ होती. नदीकाठच्या घरात पाण्याविषयी बोलायला कोणीही तयार असते. तिसरी गोष्ट हलकी समजू नका. एकट्याने खोलीत कोंडून घेण्याचा सल्ला देणारे मार्गदर्शक मला कधीच पटले नाहीत. ‘आज किती तास झाले’ असे विचारणाऱ्यापेक्षा तुमचे उत्तर वाचून पुढचा प्रश्न विचारणारा मार्गदर्शक शोधा, मग तो परीक्षा उत्तीर्ण झालेला नसला तरी चालेल. तयार नोट्सबद्दलही माझे मत कडक आहे : त्यांत प्रश्न आणि उत्तर एकदमच मिळत असल्यामुळे शोधण्याची जागाच उरत नाही.

मात्र सर्व विषयांना ही रीत लावू नका, आणि बक्षीस म्हणजे पाप असेही समजू नका. 1999 मध्ये डेसी, रायन आणि कोएस्टनर यांनी 128 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, त्यातून असे दिसते की जे काम मुळातच कंटाळवाणे आहे त्यात बक्षिसाने आवड घटत नाही, कारण घटण्यासारखी आवड तेथे नसतेच. समित्यांची नावे आणि योजनांची वर्षे पाठ करायची असतील तर खुशाल स्वतःला चहाचे आमिष दाखवा. पदाची इच्छा हीसुद्धा बाहेरचीच प्रेरणा आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. ‘हे काम मला महत्त्वाचे वाटते’ म्हणून हवे असलेले पद आणि ‘घरी तोंड कसे दाखवू’ म्हणून हवे असलेले पद यांत मात्र अभ्यासाला बसताना फार फरक पडतो, आणि दुसरा प्रकार निकाल लांबला की आधी ढासळतो.

सराव परीक्षेचे गुण हाती आले की मी आता आधी आकडा झाकते आणि तपासलेल्या उत्तरांवरचे शेरे वाचते. आकडा आधी पाहिला की तो निकाल होतो आणि शेरे वाचायचे राहून जातात. शेरे आधी वाचले तर कोणते उत्तर कुठे तुटले ते कळते, आणि पुढच्या आठवड्याचा प्रश्न बहुधा तेथूनच निघतो.