आरी वर्कच्या घागऱ्यावर रश्शाचा डाग, कसा काढला

सांगलीत मामेबहिणीच्या लग्नात पंगतीत माझ्या मरून घागऱ्यावर रस्सा सांडला, तोही नेमका मणी आणि टिकल्यांच्या वेलीवर. मावशी लगेच म्हणाली ओल्या रुमालाने पूस, पण मी हातच लावू दिला नाही कारण चोळलं की तेल पसरतं. आधी चमच्याने वरचं अलगद उचललं, मग टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवलं. सकाळी मऊ ब्रशने झटकलं, बरंचसं तेल पावडरीत आलं होतं.

मग घागरा उलटा केला. आरी वर्क म्हणजे साखळी टाका, एक धागा तुटला की अख्खी ओळ उसवत जाते, म्हणून सुटलेलं एक टोक आधी गाठ मारून घेतलं. आतल्या शिवणीवर ओला पांढरा कापूस दाबून पाहिला, रंग लागला नाही. (लागला असता तर सरळ ड्रायक्लीनरकडे, पुढे जायचंच नाही.)

डागाखाली पांढरा टॉवेल, आणि कपभर गार पाण्यात बेबी शाम्पूचे दोनच थेंब. कापूस पिळून मागच्या बाजूने फक्त टेकवत राहिले. कपड्याचा साबण नको, त्याने हळद लालभडक होते. चिकटवलेल्या टिकल्यांपाशी ओलावा अजून कमी ठेवला, गोंद सुटतो ना. शेवटी साध्या पाण्याच्या कापसाने शाम्पू काढला आणि सावलीत आडवा वाळवला, टांगला असता तर मण्यांच्या वजनाने ओलं कापड ताणलं असतं. पिवळी झाक थोडी राहिली असेल पण मरूनवर दिसत नाही, फिक्या रंगावर मात्र नक्की दिसली असती.