डेमो लेसनमध्ये या चुका टाळा: अर्धा अधिक पाव म्हणजे २/६?

मार्च उजाडला की ठाण्यात आणि नवी मुंबईत शिक्षकांच्या मुलाखतींचा हंगाम सुरू होतो. घोडबंदर रोड, ऐरोली, नेरुळ, खारघर, कुठेही गेलात तरी मुलाखतीत डेमो असतोच. वेळ बहुतेक ठिकाणी दहा ते वीस मिनिटं. पॅनलच्या बाजूने मी गणिताचे असे बरेच पाठ पाहिले आहेत. विषय न येणारे उमेदवार त्यांत फार थोडे होते. ज्यांचा पाठ पडला, त्यांच्यापैकी बहुतेकांचा एकाच जागी पडला, ती जागा म्हणजे मुलाचं चुकीचं उत्तर. म्हणून आज सगळ्या चुकांची यादी देत बसत नाही. एकच पाठ घेते आणि तो नीट उलगडून दाखवते.

दोन वर्षांपूर्वी ऐरोलीहून एक उमेदवार आली होती. वर्ग पाचवीचा, घटक अपूर्णांक, वेळ पंधरा मिनिटं. तिने चोवीस स्लाइड केल्या होत्या. अपूर्णांकांचे प्रकार, तुलना, बेरीज, वजाबाकी, सगळं त्यात होतं. केबल लागेना, त्यात तीन मिनिटं गेली. मग घाईघाईने प्रकार उरकले आणि फळ्यावर लिहिलं, १/२ + १/४. दुसऱ्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "दोन छेद सहा." ती म्हणाली, "नाही, चूक. दुसरं कोण सांगेल?" खिडकीजवळच्या मुलीने "तीन छेद चार" सांगितलं. "शाब्बास! टाळ्या." स्लाइड पुढे सरकली.

माझ्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकांनी त्या क्षणी पेन खाली ठेवलं. पुढच्या आठ मिनिटांत काय झालं, हे त्यांनी लिहिलंच नाही.

पहिली चूक: घटक म्हणजे पाठ असं धरणं

शाळा फोनवर "अपूर्णांक" एवढंच सांगते, कारण पुस्तकात प्रकरणाचं नाव तेच असतं. त्यातला तुकडा तुम्ही निवडायचा असतो. बीएडला आपण दोन गोष्टी शिकतो. एक, पूर्ण तासिकेचा पाठ, त्यात प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, मूल्यमापन सगळं. दुसरं, सूक्ष्म अध्यापन, ज्यात सहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचं. डेमो या दोन्हींच्या मधला. पण उमेदवार पस्तीस मिनिटांचं टाचण पंधरा मिनिटांत कोंबतात आणि प्रस्तावनेतच पाच मिनिटं घालवतात.

ऐरोलीच्या त्या उमेदवार मुलीचा महिन्याभराने फोन आला. "मॅडम, नेरुळला डेमो आहे, पुन्हा अपूर्णांकच आलेत. मागच्या वेळी माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "अगं, बेरीज घे. बेरजेतही भिन्नच्छेद. आणि त्यातही एक छेद दुसऱ्याच्या पटीत असेल तेवढंच. १/२ आणि १/४. बाकी सगळं सोडून दे."

तिला ते फारच थोडं वाटलं. पण विचार करा, मुलं समच्छेद अपूर्णांकांची बेरीज आणि सममूल्य अपूर्णांक शिकून आलेली असतात. दोन्ही त्यांना सुटं सुटं येतं. आज शिकवायचं ते एवढंच, की बेरीज करायची तर तुकडे एका मापाचे हवेत. १/२ + १/३ मध्ये दोन्ही छेद बदलावे लागतात, ती उद्याची पायरी.

शाळेला फोन करताना

इयत्ता आणि बोर्ड सगळेच विचारतात. त्याशिवाय तीन गोष्टी विचारा. समोर खरी मुलं असतील की पॅनलच विद्यार्थी होईल? या घटकातलं मुलांचं कुठपर्यंत झालंय? शिकवायचं कोणत्या भाषेत? तिसऱ्या प्रश्नात मराठी माध्यमातून आलेल्यांचा घोळ होतो. न्यूमरेटर, डिनॉमिनेटर हे शब्द माहीत असतात, पण "तुकडे एका मापाचे नाहीत, मग मोजायचे कसे?" हे वाक्य इंग्रजीत ऐनवेळी सुचत नाही. पाठातले सात-आठ मुख्य प्रश्न त्या भाषेत लिहून काढा आणि घरात मोठ्याने म्हणा.

दुसरी चूक: चुकीच्या उत्तरावरून पुढे जाणं

२/६ म्हणणारा मुलगा बेफिकीर नसतो. तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो, कारण आजवर त्याने जे मिळवलं ते असंच सरळ मिळवलं. त्याच्या डोळ्यांसमोर १/२ ही एक संख्या नसते, वर एक आणि खाली दोन अशा दोन संख्या असतात. "चूक" म्हटल्याने हे बदलत नाही. खिडकीजवळच्या मुलीच्या बरोबर उत्तरानेही बदलत नाही. त्याचं उत्तर अशक्य आहे, हे त्याला स्वतःला दिसायला हवं.

त्यासाठी आम्ही कागदी पट्ट्या केल्या. पूर्ण कार्डशीटच्या लांब बाजूने ६० सेंटिमीटरची पट्टी निघते. ६० घेतलं, कारण त्याचे २, ३, ४, ५, ६ असे सगळे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात आणि शेवटच्या बाकावरूनही पट्टी दिसते. अर्धी पट्टी ३० ची, पाव पट्टी १५ ची. शिवाय २/६ ची एक पट्टी, २० सेंटिमीटरची, ती पिशवीत झाकून ठेवायची.

पाठ असा बसवला. सुरुवातीला फळ्यावर काहीच नाही, फक्त प्रश्न: "आईने अर्धा किलो कांदे घेतले, मग आणखी पाव किलो घेतले. किती झाले?" मराठी घरातली मुलं "पाऊण किलो" म्हणतात, इतर "सातशे पन्नास ग्रॅम" म्हणतात. दोन्ही बरोबर. उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि त्यावर काही बोलायचं नाही. मग मधोमध १/२ + १/४ लिहायचं आणि प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला सांगायचं. कोणी तरी २/६ लिहितोच. ते उत्तर जसंच्या तसं फळ्यावर घ्यायचं, चेहऱ्यावर काही न दाखवता, ३/४ च्या शेजारी.

आता पट्ट्या. अर्धी पट्टी मास्किंग टेपने फळ्यावर लावा, तिला लागून पाव पट्टी. मग पिशवीतली २० सेंटिमीटरची पट्टी काढा, "ही २/६", आणि ती अर्ध्या पट्टीच्या खाली धरा. ती अर्ध्यापेक्षाही आखूड निघते. इथे थांबा. काही बोलू नका. कोणी तरी म्हणतोच, "मिळवल्यावर कमी कसं झालं?" पाठातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा आहे आणि तो मुलाच्या तोंडून यायला हवा.

हे थांबणं अवघड जातं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या सुमारास वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा आढळलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. पॅनलसमोर तीन सेकंद फार मोठे वाटतात. त्या मुलीला मी सांगितलं, टेपचा रोल टेबलावर ठेवायला जा आणि परत ये, तेवढ्यात तीन सेकंद होतात.

मग विचारायचं, "अर्ध्या पट्टीत पाव पट्ट्या किती बसतात?" दोन. म्हणजे १/२ च्या जागी २/४. आता तुकडे एका मापाचे झाले, २/४ + १/४ = ३/४, आणि कोपऱ्यातलं पाऊण किलो तिथे येऊन मिळतं. नियम सांगायची वेळ इथे येते, आधी नाही.

कोणी चुकलंच नाही तर?

क्लासला जाणाऱ्या मुलांचा वर्ग असेल तर सगळेच ३/४ लिहितील. गडबडू नका. "एका मुलाने २/६ लिहिलं असं समजा. त्याला चूक न म्हणता कसं दाखवाल?" असं विचारा. नियम पाठ असलेली मुलं इथे अडतात आणि पाठ पुन्हा जिवंत होतो. सुट्टीत मुलं नसली की पॅनलमधल्या बाई विद्यार्थी होतात आणि मुद्दाम २/६ म्हणतात. तेव्हा "मॅडम, तुम्हाला तर माहीत आहे" असं हसून सोडून देऊ नका. मुलाशी बोलाल तसंच बोला.

तिसरी चूक: "समजलं का?"

या प्रश्नाला पूर्ण वर्ग "हो" म्हणतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि १/३ + १/६ वहीत सोडवायला द्या. नियम समजला असेल तर ३/६ किंवा १/२ येईल, जुनी सवय कायम असेल तर २/९ येईल. आकडेच असे निवडले आहेत की चूक लपत नाही. रांगांतून फिरा, वह्या बघा आणि पॅनलला ऐकू जाईल असं म्हणा, "चौघांचं अजून २/९ आलंय, आपण पट्ट्या परत लावू." वर्गातल्या सगळ्यांचं बरोबर आलं नाही म्हणून गुण जात नाहीत. कोणाचं चुकलं हे शिक्षकाला कळलंच नाही, तर जातात.

वेळ कापली गेली तर

"जरा उशीर झालाय, आठच मिनिटं घ्या," हे दारातच ऐकायला मिळतं. काय गाळायचं ते घरीच ठरवून टाचणावर कंस करून ठेवा. कांद्याचा प्रश्न गाळा, नियम फळ्यावर लिहिणंही गाळा. आखूड पट्टी आणि शेवटचं उदाहरण गाळू नका. स्लाइड हव्याच असतील तर दोन-तीन करा, आणि केबल लागली नाही तरी पाठ चालेल अशाच करा.

नेरुळला तिला खरी मुलं मिळाली नाहीत. पॅनलमधल्या तिघी बाकांवर बसल्या. एकीने २/६ म्हटलं, हिने ते फळ्यावर घेतलं, आखूड पट्टी काढली आणि टेप ठेवायला टेबलाकडे गेली. पाठ बारा मिनिटांत संपला. मग प्रश्न आला, "उद्याचा तास कुठून सुरू कराल?"

तिने अर्धी पट्टी तशीच ठेवली, पाव पट्टी काढून तिच्या जागी २० सेंटिमीटरची लावली. "मघाशी हिला २/६ म्हटलं होतं, उद्या हीच १/३ म्हणून घेईन. अर्ध्या पट्टीत ही दोनदा बसत नाही, दीडदाच बसते. म्हणून दोन्हींत नेमका बसेल असा तुकडा मुलांना शोधायला सांगेन." आणि पिशवीतून १० सेंटिमीटरची पट्टी काढून तिने टेबलावर ठेवली.