हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर वेगातही आवाज स्पष्ट कसा पोहोचवावा आणि कॉल कधी थांबवावा

पुणे–सातारा रस्त्यावर, साधारण सत्तरच्या वेगात असताना, मी हेल्मेटमध्ये बसवलेल्या, मोबाइलला ब्लूटूथने जोडलेल्या इंटरकॉमवरून घरी बहिणीला सांगत होतो की शिरवळ मागे पडले असून आठ वाजेपर्यंत पोहोचेन. तिला ‘शिरवळ’चे ‘शिरूर’ ऐकू आले आणि ‘आठ’चे ‘साठ’. मी तेच वाक्य तीनदा, दर वेळी अधिक जोरात म्हटले, आणि तिसऱ्यांदा म्हणत असताना पुढच्या ट्रकने डावीकडे वळण्याचा दिवा लावला आहे हे माझ्या उशिरा लक्षात आले. अपघात झाला नाही, पण त्या दिवशी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायची गरज पटली. पहिली म्हणजे आवाज अस्पष्ट का जातो आणि तो सुधारायचा कसा. दुसरी म्हणजे तो सुधारल्यानंतरही कोणता धोका शिल्लक राहतो. हा लेख तोंड झाकणाऱ्या पूर्ण हेल्मेटसाठी आहे. अर्ध्या किंवा उघड्या हेल्मेटमध्ये माइक थेट वाऱ्यात असल्यामुळे महामार्गाच्या वेगात स्पष्ट बोलणे जवळपास शक्य होत नाही, आणि तिथे खालील उपायांचा फारसा उपयोग नाही.

आवाज बिघडतो त्याचे मुख्य कारण बहुतेक वेळा उपकरण नसून वारा असतो. वाऱ्याचा आवाज वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तो कितीतरी झपाट्याने वाढतो. वेग ४० वरून ८० झाला की तो सुमारे १५ ते १८ डेसिबलने चढतो. दर १० डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो हे लक्षात घेतले, तर ही वाढ जवळजवळ तिप्पट भासते. उपकरणातली गोंगाट कमी करणारी यंत्रणा बोलणे आणि वारा यांची फारकत करण्याचा प्रयत्न करते, पण माइकवर पोहोचलेला वारा बोलण्यापेक्षा मोठा असेल तर ती वाऱ्याबरोबर शब्दांचे तुकडेही छाटून टाकते. समोरच्याला मग आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून आधी माइकपर्यंत येणारा वारा कमी करायचा आणि मगच उपकरणाच्या सेटिंगकडे वळायचे.

सुरुवात माइकच्या जागेपासून करावी. पूर्ण हेल्मेटसाठी तारेला जोडलेला बटणासारखा छोटा माइक मिळतो. तो हनुवटीसमोरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, ओठांच्या अगदी समोर, वेल्क्रोने चिकटवावा. अनेक माइकवर बाण किंवा ठिपक्याची खूण असते आणि ती बाजू ओठांकडेच यायला हवी. खूण उलट बसली तर बोलणे क्षीण आणि वारा ठळक जातो. चुकीची बाजू हे मी पाहिलेल्या तक्रारींचे सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. माइक ओठांना जवळजवळ टेकेल इतका जवळ असावा. ओठांपासूनचे अंतर निम्मे केले की बोलण्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे चार सेंटिमीटरवरचा माइक एक सेंटिमीटरवर आणला तर हिशेबाने १२ डेसिबल पदरात पडतात आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. माइकवरची स्पंजाची टोपी काढून टाकू नये. ती फाटली असेल किंवा पावसात भिजून कडक झाली असेल तर बदलावी.

यानंतर वाऱ्याचा मार्ग शोधावा. हेल्मेटमध्ये वारा मुख्यतः तीन वाटांनी येतो: हनुवटीच्या खालून, समोरच्या पट्टीवरच्या छोट्या झडपेतून आणि व्हायझरच्या फटीतून. कोणती वाट दोषी आहे हे अंदाजाने ठरवू नये. गाडी थांबवून एका वेळी एकच वाट कागदी चिकटपट्टीने तात्पुरती बंद करावी आणि पुन्हा चाचणी घ्यावी. माझ्या हेल्मेटमध्ये बहुतांश घोंघाट हनुवटीखालून येत होता, आणि हेल्मेटच्या खालच्या कडेत अडकवायचा कापडी पडदा लावल्यावर तो लक्षणीयरीत्या कमी झाला. झडपेबाबत मात्र घाई करू नये. ती बंद ठेवली की पावसाळ्यात व्हायझरच्या आत वाफ धरते आणि समोरचे दिसेनासे होते. स्पष्ट दिसणे हे स्पष्ट ऐकू जाण्यापेक्षा केव्हाही महत्त्वाचे असल्यामुळे झडप उघडीच ठेवावी आणि माइक तिच्या झोतापासून एखादा सेंटिमीटर बाजूला सरकवावा.

स्पीकर बसवताना तो कानाच्या छिद्रासमोर नेमका आला पाहिजे. एक-दीड सेंटिमीटर पुढे-मागे झाले तरी आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो, आणि मग माणूस आवाजाची पातळी वाढवत राहतो. हलक्या आवाजात बोलण्याचे एखादे ध्वनिमुद्रण लावून हेल्मेट घालावे, खालून बोट घालून स्पीकर थोडा थोडा सरकवावा आणि जिथे शब्द सर्वांत ठळक येतात तिथेच तो चिकटवावा. बहुतेक हेल्मेटमध्ये कानाजवळ त्यासाठी खोलगट जागा असते. ती नसेल किंवा लहान असेल, तर आतला थर्मोकोलचा थर कोरून जागा करू नये. आघात शोषून घेणारा भाग तोच असतो आणि एवढ्या कामासाठी त्याला हात लावणे कधीही योग्य नाही. स्पीकर कानाला टोचत असेल तर जागेच्या मापाचा पातळ स्पीकर घ्यावा. मोबाइलच हेल्मेटच्या गादीत आणि गालात खुपसून बोलत जाणारे दुचाकीस्वार आपल्या रस्त्यांवर रोज दिसतात. त्यामुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही आणि आदळल्यावर एक कडक वस्तू थेट कवटीलगत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वाहन चालवताना हातात धरायचे संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक चालवण्यात स्पष्टपणे धरले आहे. उपकरण हेल्मेटवर बसवल्याने हात मोकळे राहतात, मन मात्र मोकळे होत नाही.

कानाच्या आरोग्याचा विचारही इथेच करावा. महामार्गाच्या वेगात हेल्मेटच्या आत नुसता वाऱ्याचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो आणि प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. त्यावर कॉलचा आवाज चढवला तर कानांवर दुहेरी भार पडतो. फोमचे कानबोळे घालून स्पीकरचा आवाज गरजेपुरता ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. बोळ्यांमुळे वारा आणि शब्द दोन्ही मंदावतात आणि कान गोंगाटाने दबलेले नसल्यामुळे शब्द उलट अधिक नीट समजतात. हॉर्नचेही तेच होते, म्हणून बोळ्यांमुळे रस्त्यावरचे काहीच ऐकू येणार नाही ही भीती बव्हंशी निराधार आहे. स्पीकर मोठा ठेवला तर मात्र मागून येणारी गाडी खरोखरच ऐकू येत नाही.

आता चाचणी. मी कागदावर दहा शब्दांची यादी बहिणीकडे दिली आणि तिने जे ऐकू येईल ते लिहायचे, मला उत्तर द्यायचे नाही, असे ठरवले. गर्दी नसलेल्या सरळ रस्त्यावर ४०, ६० आणि ८० या तीन वेगांत मी त्याच शब्दांचा क्रम बदलून ते एकेकदा म्हटले. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असल्याने त्यापुढे जाण्याचे कारण नव्हते. थांबल्यावर याद्या ताडून पाहिल्या. जुन्या बसवणुकीत ८० ला दहापैकी चार शब्द जुळले होते. माइक जवळ आणल्यावर आणि पडदा लावल्यावर आठ जुळले.

उरलेल्या दोन चुका बोधप्रद होत्या, कारण त्या वाऱ्यामुळे नव्हत्या. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक फक्त ‘स’चा आहे आणि ‘स’ची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. ब्लूटूथवरच्या कॉलचा जुना, अरुंद प्रकार ४००० हर्ट्झच्या वरचे काहीच पोहोचवत नाही, तर नवा, रुंद प्रकार सुमारे दुप्पट पट्टा पोहोचवतो. पण फोन, उपकरण आणि मोबाइल नेटवर्क या तिन्हींनी तो पाळला तरच त्याचा लाभ होतो. गाणी सुरेख ऐकू येतात म्हणून कॉलही तसाच होईल, असे समजू नये. गाण्यांसाठी ब्लूटूथ वेगळा मार्ग वापरते. यावर सोपा उपाय शब्दांतच आहे: आकडे सुटे सांगावेत. ‘साठ’ऐवजी ‘सहा शून्य’ म्हटले की चूक होत नाही.

इथवर स्पष्टतेचे झाले. आता जी गोष्ट कितीही चांगली बसवणूक करून मिटत नाही, ती. युटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडीच्या सिम्युलेटरवर केलेल्या प्रयोगांत, हात मोकळे ठेवून फोनवर बोलणारे चालकही ब्रेक उशिरा लावत होते आणि ज्या गोष्टींकडे त्यांची नजर गेली होती त्याही त्यांना नंतर आठवत नव्हत्या. २०१५ मध्ये त्यांच्याच गटाने गाडीतल्या आवाजी आज्ञांच्या यंत्रणा तपासल्या, तेव्हा काही यंत्रणांमध्ये काम संपल्यानंतरही लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत असल्याचे दिसले. हे प्रयोग चारचाकीचे आहेत. ताशी ६० च्या वेगात २७ सेकंदांत साडेचारशे मीटर रस्ता मागे पडतो, आणि दुचाकीस्वाराला तेवढ्या अंतरात खड्डा, वाळू, मध्येच वळणारी रिक्षा यांपैकी काहीही भेटू शकते.

म्हणून उपकरणात पहिला बदल करावा तो असा, की कॉल आपोआप उचलला जाण्याची सोय बंद करावी. काही उपकरणे कोणताही शब्द ऐकताच कॉल उचलतात, त्यामुळे खड्ड्यात गाडी आदळल्यावर तोंडातून निघालेला ‘अरे’सुद्धा पुरतो. कॉल एका मोठ्या बटणाने, हातमोजा घालून आणि न बघता नाकारता येतो का हे उभ्या गाडीवर पाहावे. शिवाय, चालत्या गाडीवरून आपण स्वतः कोणालाही फोन लावू नये.

आमच्याकडे आता असे ठरले आहे. मी उचलला तर पहिले वाक्य ‘गाडीवर आहे’ हेच असते आणि बहीण त्यावर फक्त ‘तातडीचे आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणते. ‘नाही’ असेल तर मी कॉल तिथेच तोडतो. तातडीचे असेल तरी ती विषय सांगत नाही. मी पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर गाडी स्टँडला लावतो, हेल्मेट काढतो आणि मग तिला फोन करतो. खंबाटकीच्या घाटात, पावसात आणि अंधार पडल्यावर उपकरण बंदच असते, आणि हे निघण्यापूर्वी तिला सांगितलेले असते, त्यामुळे फोन न लागल्यास ती काळजी करत नाही.