कागदाची घडी उलगडताना होणाऱ्या चुका

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमता चाचणीचे सर्व 40 प्रश्न आकृत्यांवरच असतात, म्हणून मुले जुन्या प्रश्नपत्रिका भराभर सोडवून उत्तरसूचीशी ताडून पाहतात. उत्तर जुळले की प्रश्न समजला, असे ती धरून चालतात. कागद दुमडून छिद्र पाडल्यावर तो उलगडला की कसा दिसेल, हे विचारणाऱ्या घडीच्या प्रश्नांत मात्र चुकीच्या रीतीनेही बरेचदा बरोबर उत्तर निघते, आणि ही चूक लपून राहते.

बाजू बरोबर 8 सेंमी असलेला चौरस कागद घ्या. त्याची उजवी अर्धी बाजू डावीवर दुमडा, मग खालचा अर्धा भाग वर आणा. आता छिद्र पाडल्यावर आधी कोणतीही घडी उलगडली, तरी चारही छिद्रे त्याच जागी दिसतात, कारण दोन्ही घड्या मधोमध आणि एकमेकींना काटकोनात आहेत. अशा दहा प्रश्नांनंतर मूल क्रमाकडे पाहणेच सोडून देते.

दुसऱ्या घडीला तिरपे केले की फरक कळतो. उजवी बाजू डावीवर आणल्यावर वरचा डावा कोपरा असा दुमडा, की तो घडीच्या रेषेवर, वरच्या कडेपासून 4 सेंमी खाली टेकेल. मग डाव्या कडेपासून 3 आणि वरून 3 सेंमीवर छिद्र पाडा. शेवटची घडी आधी उलगडली तर दुसरे छिद्र डावीकडून 1, वरून 1 सेंमीवर येते. नंतर पहिली घडी उलगडताच त्या दोघांची प्रतिबिंबे उजवीकडे, डाव्या कडेपासून 5 आणि 7 सेंमीवर उमटतात. क्रम उलटा केला, तर एक छिद्र चक्क कागदाच्या वरच्या कडेबाहेर जाते, आणि चूक तिथेच उघडी पडते.

याच कागदावर खालच्या भागात, जिथे दुमडलेला कोपरा पोहोचतच नाही, तिथे छिद्र पाडले तर दोनच छिद्रे मिळतात. ‘दोन घड्या म्हणजे चार छिद्रे’ हा पाठ केलेला नियम इथे फसतो. छिद्राखाली कागदाचे किती थर आहेत, ते आधी मोजावेत.

वरच्या उदाहरणात डावीकडून 1 सेंमीवरच्या छिद्राचे प्रतिबिंब 7 सेंमीवर आले, कारण घडीच्या रेषेपासूनचे 3 सेंमी अंतर पलीकडे तेवढेच राहिले. पुष्कळ मुले छिद्र नुसते 4 सेंमी सरकवून 5 वर काढतात. आरशातील प्रतिमेतही हीच चूक दिसते: आकृती उलटण्याऐवजी ती सरकवली किंवा फिरवली जाते. म्हणून पर्याय पाहण्याआधी आरशाची रेषा पेन्सिलीने ठळक करून आकृतीतील एकाच टोकाचे त्या रेषेपासूनचे अंतर पाहावे. बहुतेकदा तेवढ्यावरच दोन पर्याय गळतात.

चुकलेला प्रश्न कात्री आणि रद्दी कागद घेऊन प्रत्यक्ष घडी घालून तपासावा, कारण जुन्या संचांच्या फिकट झेरॉक्सवर छिद्रे पुसट होतात आणि खासगी उत्तरसूचीही कधी कधी चुकीची असते.