हळद पॅकिंगचा व्हॅल्यू स्ट्रीम मॅप काढताय? या चुका टाळा

मसाल्याच्या छोट्या युनिटमध्ये गेलं की पहिली चूक ठरलेली, मॅप, म्हणजे माल आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंत कुठं किती थांबतो याचं चित्र, ऑफिसात बसून रजिस्टरवरून काढलेला असतो. वसमतकडच्या एका युनिटमध्ये मला असाच मॅप दाखवला, त्यात दळण आणि पॅकिंगच्या मधे फक्त एका दिवसाचा साठा. खाली गेलो तर जिन्याखाली पोत्यांची थप्पी, प्रत्येकावर खडूने तारीख. तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "हे खालचं मागल्या सोमवारचं हाय, साहेब." मोजली तर 50 किलोची 48 पोती, म्हणजे 2400 किलो. हळद रोज जाते 400 किलो, म्हणजे 6 दिवसांचा माल नुसता पडून. रजिस्टरमध्ये तो नव्हता कारण दळण झालं की सुपरवायझर 'पॅकिंगला दिली' लिहून मोकळा व्हायचा.

म्हणून मी नेहमी डिस्पॅचच्या दारापासून उलटं चालत जातो, हातात पेन्सिल, आणि जिथं माल थांबलाय तिथं स्वतः मोजून त्याला रोजच्या विक्रीने भागतो. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

दुसरी चूक पैशाची. मालकांनी फास्ट पाऊच मशीनचं कोटेशन मागवलं होतं. पण आहे तेच मशीन दिवसाला 800 किलो पॅक करत होतं, म्हणजे हळदीच्या गरजेच्या दुप्पट! खरी गोष्ट अशी की त्याच मशीनवर मिरचीही चालायची आणि माल बदलायला, म्हणजे हॉपर-ऑगर खोलून धुऊन वाळवायला अडीच तास लागायचे, म्हणून एक आठवडा हळद, एक आठवडा मिरची. चक्की मात्र हळद रोज दळायची, मग मिरचीच्या आठवड्यात पावडर साचणारच. नवीन मशीन आणलं असतं तरी आठवड्या-आठवड्याची पाळी तशीच ठेवली असती तर थप्पी तिथंच राहिली असती.

आम्ही हॉपर-ऑगरचा दुसरा सेट घेतला, तो मशीन चालू असतानाच धुऊन वाळवून तयार ठेवायचा. बदल 50 मिनिटांवर आला. मग दोन दिवस हळद, दोन दिवस मिरची, आठवड्यात तीन बदल, एकूण वेळ तेच अडीच तास. साचणारी पावडर 800 किलोवर आली, 6 दिवसांचे 2 दिवस झाले.

हळद आणि मिरची एकाच मॅपवर काढू नका, आधी एकच माल घ्या. कॉम्प्युटरवर सुबक चित्र काढत बसू नका, कागद पुरतो.

आणि घाईवाल्यांनो, थांबलेलं सगळंच काढून टाकायचं नसतं. चक्कीतून पावडर गरम निघते, तशीच पाऊचमध्ये भरली तर आत पाणी सुटून गुठळ्या होतात. एकाने 'वेटिंग शून्य' करायच्या नादात सकाळचं दळण दुपारीच पॅक केलं, दुकानदारांनी पाऊच परत पाठवले. पावडर थंड व्हायला ठेवायची ती एक रात्र मी मॅपवर वेगळ्या रंगाने काढतो आणि शेजारी 'थंड होणे' लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तिला हात लावत नाही.