बीपी मशीनच्या माहितीपत्रकाचा फोटो काढून मराठी करताय? या चुका टाळा

गणपतीला मुंबईहून आलेला मुलगा मशीन ठेवून जातो. मग गुहागरकडच्या घरी इंग्रजी माहितीपत्रकाचा फोटो मोबाईलवर मराठीत केला जातो आणि पहिल्याच ओळीत घोळ होतो: ‘पट्टा हाताला बांधा’. काकू तो कोपराखाली बांधतात. मूळ मजकुरात ‘अपर आर्म’ असतं, म्हणजे दंड.

दंडाच्या मशीनचा पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. त्याची खालची कड कोपराच्या आतल्या घडीपासून दोनेक सेंटीमीटर वर हवी आणि नळी दंडाच्या आतल्या बाजूने तळहाताकडे उतरायला हवी. ब्लाउजची बाही गुंडाळून वर सारली की ती दंडाला काचते, म्हणून सैल बाहीचा ब्लाउज घाला. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम सरकलं पाहिजे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, कारण लहान पट्ट्याने बीपी जास्त दिसतं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत. हात मांडीवर लोंबला तरी आकडा चढतो.

समजा, काकू पाखाडी चढून आल्या, चहा घेतला, मशेरी लावली आणि लगेच बीपी मोजलं. १५८/९४ आलं. त्यावर घाबरू नका आणि गोळीही वाढवू नका. चहा, मशेरी, चढण यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. तेव्हाचे आकडे वहीत लिहा.

आता मशीनच्या पडद्यावर दिसणारे बिघाडाचे कोड. E1, E2 यांचे अर्थ प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळे असतात, त्यामुळे शेजाऱ्यांच्या मशीनचा तक्ता कामाचा नाही. फोटोत मॉडेल नंबर यायला हवा. तक्ता वाकडा टिपला तर भाषांतरात ओळी सरकतात आणि एका कोडचा उपाय दुसऱ्यापुढे येतो, तेव्हा मूळ पानाशी ताडून बघा. कोड कुठलाही असो, आधी नळी घट्ट बसली का, पट्टा सैल आहे का, मोजताना बोललात किंवा हललात का, हे पाहा. मग बॅटरी. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तिच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर धरतो; बॅटरी काढून तो कोरड्या फडक्याने पुसा. एवढं करूनही कोड आला तर दुकानदाराकडे न्या.

घरी नीट मोजूनही आठवडाभराची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ९०/६० च्या खाली असून चक्कर येत असेल, तरीही. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० ला पोचला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं किंवा अंधारी असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.