ए४ मजकुराची ए५ पुस्तिका करताना ७१ टक्के का दाबायचे?

सांगलीत गणपती जवळ आले की मंडळांच्या स्मरणिकांची कामं झेरॉक्सच्या दुकानांत येऊ लागतात. मजकूर ए४ वर टाइप केलेला असतो आणि हवी असते ए४ कागद मधोमध दुमडून केलेली पुस्तिका. गिऱ्हाईक म्हणतं, "निम्मं करून द्या." मशीनवर ५० टक्के दाबले, तर येणारी प्रत निम्मी नसते, पाव असते. कारण मशीन लांबी आणि रुंदी दोन्ही अर्ध्या करतं. क्षेत्रफळ निम्मं करायचं तर दोन्ही बाजू ७१ टक्क्यांवर आणाव्या लागतात: ०.७१ × ०.७१ म्हणजे जवळजवळ ०.५.

पण नुसतं क्षेत्रफळ निम्मं होऊन भागत नाही, पानाचा आकारही दुमडलेल्या कागदाशी जुळायला हवा. म्हणून आधी कागद तपासून घ्या. एका ए४ कागदाची वरची आखूड कड तिरकी खाली आणून लांब कडेवर बरोबर बसवा आणि घडी नखाने दाबा. आता ही तिरकी घडी दुसऱ्या ए४ कागदाच्या लांब कडेला लावून बघा. दोन्ही तंतोतंत जुळतील. घडी हा २१० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण आहे, म्हणून पायथागोरसप्रमाणे त्याची लांबी २१० × √२, म्हणजे २९७ मिलिमीटर. ए४ ची लांबीही तेवढीच आहे.

हे प्रमाण मुद्दाम निवडलेलं आहे. कागदाची रुंदी १ आणि लांबी x धरा. लांबी मधोमध दुमडली की नव्या पानाच्या बाजू होतात १ आणि x/२. आधीची रुंदी आता लांबी झाली. दोन्ही पानांचा आकार सारखाच हवा असेल तर

x/१ = १/(x/२), म्हणजेच x² = २

हे एकाच प्रमाणात जमतं, ते म्हणजे √२, साधारण १.४१४. ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ लिश्टनबर्ग यांनी १७८६ मध्ये एका पत्रात मांडली होती. तिच्यावर आधारलेलं कागदांचं मानक जर्मनीत १९२२ मध्ये आलं. त्यातला ए० कागद बरोबर एक चौरस मीटरचा, आणि तो चार वेळा निम्मा केला की आपला ए४.

आता लीगल कागद घ्या. तो २१६ × ३५६ मिलिमीटरचा. वरचीच घडी घातली तर ती ३०५ मिलिमीटर भरते, म्हणजे लांब कडेपेक्षा पाच सेंटिमीटर कमी. हा कागद दुमडल्यावर पान होतं १७८ × २१६ चं, जवळजवळ चौकोनी. त्यात लीगलवर टाइप केलेलं उभट पान बसवायचं तर उंचीसाठी ते ६० टक्क्यांवर आणावं लागतं. मग रुंदी फक्त १३० मिलिमीटर राहते आणि दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर कोरी पट्टी दिसते. ऑपरेटरने कितीही खटपट केली तरी ती जात नाही, दोष प्रमाणातच असतो. म्हणून लीगलवरचा मजकूर आधी ए४ वर नव्याने बसवून घ्या.

अक्षराचा विचार टाइप करतानाच करायला हवा, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. १२ पॉइंटचं अक्षर ७१ टक्क्यांवर साडेआठ पॉइंटचं होतं. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं एवढ्या आकारात गिचमिडी दिसतात, आणि स्मरणिका वाचणाऱ्यांत वयस्कर माणसं बरीच असतात. पुस्तिकेत १२ पॉइंट हवे असतील तर ए४ वर १७ पॉइंटने टाइप करा.

पानाला कडेलगत चौकट काढली असेल तर ७१ ऐवजी ७० टक्के घ्या. ७१ टक्क्यांवर २९७ ची लांबी जवळपास २११ होते, म्हणजे २१० च्या कागदाबाहेर मिलिमीटरभर जाते, आणि चौकटीची रेघ कापली जाते. चारी बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडलेल्या साध्या मजकुराला ही अडचण येत नाही.

मग पानं लावायची. १६ पानांच्या पुस्तिकेला चार ए४ कागद लागतात. सगळ्यांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला डावीकडे १६ आणि उजवीकडे १, तर पाठीमागे २ आणि १५. शेजारच्या दोन पानांची बेरीज प्रत्येक ठिकाणी १७ यायला हवी. एकाही जोडीत ती चुकली तर मास्टर कॉपी तिथेच थांबवा. बेरीज जुळली की एकच पुस्तिका काढून दुमडा, पानं उलटून क्रम पाहा, आणि मगच मधल्या घडीवर पिना मारून बाकीच्या प्रती काढायला सांगा.